झिरो माईलचा पेपर : पालक आणि शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातले आम्ही काही इतिहास शिक्षक नववीच्या मुलांसाठी दरवर्षी एक छोटा पेपर काढतो. त्यात सनावळ्या नसतात, गाळलेल्या जागा नसतात, जोड्याही लावायच्या नसतात. समोर एक जुनी वस्तू किंवा कागद ठेवायचा आणि त्यावरून काय म्हणता येतं, काय म्हणता येत नाही, ते मुलांना लिहायला लावायचं, एवढाच तो प्रकार. पेपर वाटला की त्याच आठवड्यात आमचे फोन वाजू लागतात. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, सीताबर्डीजवळच्या झिरो माईलच्या खांबाचं. त्या खांबावरून शहरातला प्रत्येक माणूस कधी ना कधी गेलेला असतो, आणि थांबून वाचणारे फार थोडे.

पेपरात नेमकं असतं काय?

एक पान आणि तीन प्रश्न, वेळ पंचेचाळीस मिनिटं. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात खांबाचा फोटो असतो. त्याखाली खांबाबद्दलची माहिती मराठीत उतरवून दिलेली असते : ‘जी.टी.एस. स्टँडर्ड बेंच मार्क, १९०७’, समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, आणि काही गावांची मैलांतली अंतरं. या गावांत जबलपूर (१७०), हैदराबाद (३१८), कवठा (६२) यांच्यासोबत चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी नावं आहेत. त्याखाली आजच्या एखाद्या माहितीपत्रकात सापडेल असं एक वाक्य चौकटीत छापतो : ‘ब्रिटिशांनी हा खांब भारताच्या भौगोलिक केंद्रबिंदूवर उभारला.’

मग प्रश्न येतात. पहिला : खांबावरची माहिती चौकटीतल्या वाक्याला आधार देते का? खांबावरच्या निदान दोन गोष्टी दाखवून लिहा. दुसरा : सोबत १९०७ सालच्या ब्रिटिश हिंदुस्थानचा नकाशा आहे. तो पाहिल्यावर चौकटीतल्या वाक्याबद्दल तुम्हांला काय वाटतं? तिसरा : हा वाद मिटवायचा असेल तर तुम्ही कोणतं साधन शोधाल, आणि त्यातून काय कळेल असं वाटतं?

‘बेंच मार्क म्हणजे ज्याची उंची मोजून कायमची नोंदवली आहे अशी खूण’ ही एक ओळ आता आम्ही पानावरच देतो. पहिल्या वर्षी दिली नव्हती. तेव्हा अर्ध्या वर्गाने तिथे बाक असावा असं धरलं आणि एकाने तर ब्रिटिश अधिकारी त्यावर बसून नकाशे काढायचे असं लिहिलं. ती चूक मुलांची नव्हती. आम्ही विचार तपासायला निघालो होतो आणि तपासत होतो शब्दसंग्रह.

पण झिरो माईल भारताचा मध्य आहे, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. मग यात विचार कसला?

हाच प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तोही पालकांकडून.

खांबाकडे नीट पाहा. तिथे नोंदलेली सर्वांत बारीक गोष्ट म्हणजे उंची, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. एखादी जागा समुद्रापासून किती वर आहे हे कळलं म्हणून ती देशाच्या मधोमध आहे हे कळत नाही. डोंगरावरच्या गावालाही उंची असते आणि बंदरालाही असते. जी.टी.एस. म्हणजे ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे, त्रिकोणांची साखळी लावत देश मोजणारं सर्वेक्षण. विल्यम लॅम्बटनने ते १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलं. (हा लॅम्बटन १८२३ साली वारला तो आपल्या हिंगणघाटला. नागपूरच्या मुलांना हे कुणी सांगत नाही याचं मला दरवर्षी नवल वाटतं.) पुढे याच सर्वेक्षणाने देशभर उंची मोजायचं काम हाती घेतलं. समुद्राच्या सरासरी पातळीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने उंची आत आणत न्यायची, असं ते काम. देशाचं पहिलं उंचीजाळं १८५८ ते १९०९ या काळात पुरं झालं. खांबावरचं १९०७ हे साल त्या काळात बसतं.

आता अंतरं पाहू. ज्या गावांची नावं आहेत ती बहुतेक तेव्हाच्या मध्य प्रांतातली, नागपूरच्या चहूबाजूंची. हैदराबाद तेवढं लांबचं. मुंबई नाही, कलकत्ता नाही, मद्रास नाही, दिल्लीही नाही. देशाचा मध्य दाखवायचा म्हणून कुणी खांब उभारला असता तर या चार शहरांपैकी एखादं तरी नाव तिथे असेल अशी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

एवढ्यावरून ‘दावा खोटा आहे’ असं सिद्ध होतं का? नाही. खांब त्या दाव्याला आधार देत नाही, इतकंच सिद्ध होतं. ‘आधार नाही’ आणि ‘खोटं आहे’ या दोहोंत फरक आहे, आणि मुलाला तो दिसतो का हेच पहिला प्रश्न तपासतो. पुष्कळ मोठ्या माणसांनाही तो दिसत नाही.

दुसऱ्या प्रश्नात नकाशा कशाला दिला आहे?

‘भारताचा मध्य’ म्हणताना कोणता भारत, हे वाक्यात सांगितलेलं नाही. माहितीपत्रक वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आजचा नकाशा असतो. खांब मात्र १९०७ चा आहे. त्या वर्षीच्या ब्रिटिश हिंदुस्थानात आजचा पाकिस्तान होता, आजचा बांगलादेश होता आणि ब्रह्मदेशही होता. ब्रह्मदेश वेगळा झाला तो १९३७ साली. तेव्हा १९०७ मध्ये कुणी खरोखर मध्य काढला असता, तर तो एका वेगळ्याच आकाराचा निघाला असता. आजच्या देशाचा मध्य आणि त्या वेळच्या मुलखाचा मध्य एकाच जागी यायला हवेत असं काही नाही. आज मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातलं करौंदी हे गावही देशाचा केंद्रबिंदू आपल्याकडे असल्याचं सांगतं, तेही मुलांनी ध्यानात घ्यावं.

या प्रश्नाला एका मुलीने दिलेलं उत्तर मी विसरलेलो नाही. तिने लिहिलं होतं की पश्चिमेला पाकिस्तान जोडला आणि पूर्वेला ब्रह्मदेश जोडला तर दोन्ही बाजू वाढतात, म्हणून मध्य कदाचित फारसा हलणारही नाही. सर्वांनी लिहिलं त्याच्या अगदी उलट. आम्ही दोघांनी तो पेपर तीनदा वाचला. आमच्या नमुना उत्तरात हे नव्हतं, पण तिने नकाशा वापरला होता, कारण दिलं होतं आणि ‘कदाचित’ हा शब्दही जागेवर घातला होता. पूर्ण गुण दिले आणि त्या रात्री नमुना उत्तर बदललं.

गुण कसे देता? असल्या उत्तरांना तर मनाला येईल तसे गुण पडतात.

ही भीती अगदी खरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक प्रश्नाला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या प्रश्नापुरतं बोलायचं तर सर्वांत खालच्या पायरीवर मूल खांबाकडे पाहतच नाही. ‘होय, कारण झिरो माईल भारताच्या मध्यभागी आहे’ असं ते लिहितं. जे विचारलं तेच उत्तर म्हणून परत येतं. मधल्या पायरीवर मूल खांबावरची एखादी गोष्ट उचलतं, पण तिचा दाव्याशी धागा जुळत नाही किंवा चुकीचा जुळतो. उदाहरणार्थ : ‘होय, कारण खांबावर गावांची अंतरं लिहिली आहेत.’ अंतरं आहेत हे बरोबर आहे, पण अंतर तर कुठल्याही रस्त्याकडेच्या दगडावर असतं. सर्वांत वरच्या पायरीवर मूल दोन गोष्टी घेतं आणि त्या दाव्याला का पुरत नाहीत ते सांगतं.

वरच्या पायरीचं एक उत्तर, मुलाच्याच भाषेत : ‘खांबावर उंची लिहून आहे. उंचीवरून मध्य कळत नाही. गावं पण जवळजवळचीच आहेत, मुंबई कलकत्ता नाही. म्हणून खांबावरून असं म्हणता येत नाही. पण दुसरीकडे कुठे लिहिलं असेल तर माहीत नाही.’ व्याकरणाचे गुण कापायचे तर खुशाल मराठीच्या पेपरात कापा. इथे शेवटच्या वाक्यासाठी मी उभा राहून टाळी दिली असती.

मनमानी टाळायला आम्ही एक गोष्ट कटाक्षाने करतो. गठ्ठ्यातले दहा-बारा पेपर दोन शिक्षक वेगवेगळे तपासतात, एकमेकांचे गुण न पाहता. नंतर समोरासमोर बसतो. जिथे पायरी जुळत नाही तिथे का जुळली नाही ते बोलतो. बहुतेक वेळा भांडण मधल्या आणि वरच्या पायरीच्या सीमेवर असतं : एक गोष्ट छान समजावली आणि दुसरी नुसती नोंदवली तर काय करायचं? असा प्रश्न आला की उत्तर निकषांच्या कागदावर लिहून ठेवतो आणि मगच उरलेला गठ्ठा सुरू होतो. पहिल्या बैठकीला वेळ जातो. पण ती गाळली, तर ज्या मुलाचा पेपर चहाआधी तपासला त्याला एक न्याय आणि चहानंतर तपासला त्याला दुसरा.

ही कल्पना तुमच्याच डोक्यातली की कुठून घेतली?

घेतलेली आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहास-शिक्षण गटाने अशा छोट्या चाचण्या बनवल्या. त्यांची एक चाचणी गाजलेली आहे. १६२१ सालच्या पहिल्या ‘थँक्सगिव्हिंग’ जेवणाचं चित्र मुलांपुढे ठेवतात आणि विचारतात, त्या वेळचे गोरे वसाहतकरी आणि तिथले मूळ रहिवासी यांचे संबंध समजायला हे चित्र इतिहासकाराच्या कामाचं आहे का? मुलं चित्रातले चेहरे, कपडे, कोण बसलंय, कोण उभं आहे, यांत रंगून जातात. खाली लिहिलेलं साल पाहायला विसरतात. चित्र विसाव्या शतकातलं आहे, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी काढलेलं.

या गटाचे सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आठ इतिहासकार आणि आठ शाळकरी मुलं, दोघांनाही अमेरिकन क्रांतीतल्या एका चकमकीची तीच कागदपत्रं दिली आणि वाचताना मनात काय येतंय ते मोठ्याने बोलायला सांगितलं. इतिहासकार मजकूर वाचण्याआधी कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, तिकडे वळत. मुलं पहिल्या ओळीपासून वाचत सुटत आणि लेखकाचं नाव आलंच तर शेवटी. गंमत अशी की त्या इतिहासकारांतल्या काहींचा विषय अमेरिकेचा इतिहास नव्हताच, आणि त्या काळाबद्दलच्या पाठ्यपुस्तकी प्रश्नांत काही मुलं त्यांच्या पुढे होती.

म्हणजे सनावळ्या पाठ करायच्याच नाहीत?

असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही. १९०७ आणि १९३७ यांतलं आधीचं कोणतं आणि मधे काय घडलं हे ज्याला कळत नाही, त्याला दुसरा प्रश्न सुटणार नाही. फरक इतकाच की साल आम्ही पानावर देतो. ते आठवतं का हे तपासत नाही, त्याचं मूल काय करतं ते तपासतो. बोर्डाचा पेपर आपल्या जागी आहे, त्याची तयारी वेगळी करून घेतोच.

तसंही हे सगळं पुस्तकाबाहेरचं नाही. नववीच्या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ आहे आणि दहावीचं पुस्तक तर इतिहासलेखनाच्या परंपरांपासून सुरू होतं. भौतिक, लिखित, मौखिक हे प्रकार मुलांना तोंडपाठ असतात. झिरो माईलचा खांब कोणत्या प्रकारात बसतो असं विचारलं की मात्र वर्गात शांतता पसरते, कारण तो दगडही आहे आणि त्यावर लिहिलेलंही आहे.

माझ्या मुलाने लिहिलं, ‘ब्रिटिशांनी लिहिलंय म्हणून खोटं आहे.’ तो साधनावर शंका घेतोय, मग गुण कमी का?

कारण ती शंका नव्हे, तो नुसता शिक्का आहे. उंची मोजणाऱ्या खात्याला उंची चुकीची लिहून काय मिळणार होतं? त्यांना ती रस्ते, रेल्वे, कालवे आखायला हवी होती. लिहिणाऱ्याचा हेतू पाहायचा तो असा : या माणसाला या विशिष्ट गोष्टीत खोटं बोलण्याचं कारण होतं का? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईबद्दल रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचं लिखाण घेतलं तर कारण होतं, कारण त्या लढाईत तो स्वतः एक पक्ष होता आणि आप्पासाहेब भोसले दुसरा. लढाईला दोष कुणाचा, हे त्याच्याकडून ऐकताना कान टवकारून ऐकायला हवं. पण त्याच जेन्किन्सच्या लिखाणातून तेव्हाच्या ब्रिटिशांना भोसल्यांचा दरबार कसा दिसत होता, एवढंच जाणून घ्यायचं असेल तर ते लिखाण कामाचं आहे. साधन चांगलं की वाईट हे विचारलेल्या प्रश्नावर ठरतं.

अलीकडे हा ‘सगळं खोटं’ प्रकार वाढलाय असं मला वाटतं. मुलं जितक्या सहज विश्वास ठेवतात तितक्याच सहज अविश्वासही ठेवतात, आणि दोन्ही वेळा पान वाचायचं राहून जातं.

क्लासवाले याचीही गाइड काढतील, नाही का?

काढतील काय, काढली आहेत. ‘हे दुय्यम साधन असल्याने त्यात लेखकाचा पूर्वग्रह असण्याची शक्यता आहे’ हे वाक्य एका वर्षी सलग अनेक पेपरांत सारखंच आलं. झिरो माईलचा खांब तर दुय्यम साधन नाहीच. पाठ केलेलं उत्तर ओळखायची आमची खूण सोपी आहे : ते वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही साधनाच्या पेपरात ठेवलं तरी बसेल का? बसत असेल तर त्याला खालची पायरी. वस्तूवरचा एखादा आकडा, एखादं नाव, एखादी गैरहजर गोष्ट उत्तरात यायलाच हवी. आणि वस्तू दरवर्षी बदलतो. झिरो माईल आता सगळ्यांना ठाऊक झालाय, म्हणूनच तो इथे मोकळेपणाने सांगता येतोय.

खेड्यातल्या मुलांवर अन्याय होत नाही का? सगळ्यांनी झिरो माईल पाहिलेला नसतो.

होऊ शकतो. काटोल-उमरेडच्या मुलाने खांब पाहिला नसेल म्हणून फोटो आणि माहिती पानावर पूर्ण देतो. पण अनुभव वेगळाच आला. रोज तिथून जाणाऱ्या मुलांना जास्त त्रास झाला, कारण त्यांना उत्तर ‘माहीत’ होतं आणि वाचायची गरज वाटत नव्हती. उमरेडकडच्या एका मुलाने फोटोकडे बोट दाखवून वर्गातच विचारलं, ‘सर, हे तं उंची हाय ना? मंग मधात हाय हे कोन सांगतलं?’ त्याला म्हटलं, हेच लिही बाबा.

फोटोमुळे एक घोळ मात्र झाला. खांबाजवळ घोडे आहेत, ते नंतर बसवलेले. काही मुलांनी घोड्यांवरून ब्रिटिश घोडदळाचा तळ तिथे होता असा इतिहास रचला. आता फोटो फक्त खांबाचा छापतो. घोड्यांचा प्रश्न स्वतंत्र काढता येईल : एकाच जागेवरच्या दोन वस्तू एकाच काळातल्या असतात का?

या पेपरातून काय कळत नाही?

मुलाला मराठ्यांचा किंवा स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास किती येतो, ते कळत नाही. एका पेपरावरून मूल ‘विचार करतं’ की ‘करत नाही’ हेही ठरवू नये. एखाद्या वस्तूत मूल रमतं, दुसऱ्या वस्तूपुढे त्याची पाटी कोरी राहते. वर्षात निदान तीन वेगवेगळी साधनं दिल्याशिवाय आम्ही पालकांशी या विषयावर बोलत नाही. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे त्याचा विचारही कागदावर येत नाही, म्हणून शंका असेल तिथे मुलाला बोलावून तोंडी विचारतो. दोन-तीनदा असं झालंय की कागदावर दोन ओळी होत्या आणि तोंडी उत्तर सर्वांत वरच्या पायरीचं निघालं.

तिसऱ्या प्रश्नाला ‘गूगलवर शोधीन’ असं लिहिलं तर?

खालची पायरी. शोधायची जागा सांगितली, साधन नाही सांगितलं. ‘त्या वेळच्या सर्वेक्षण खात्याचे कागद पाहीन, त्यात खांबासाठी हीच जागा का निवडली ते लिहिलेलं असेल’ हे वरच्या पायरीचं. ‘आजोबांना विचारीन’ असंही येतं. त्याला आम्ही मधली पायरी देतो, पण ‘आजोबांच्या लहानपणी लोक याला काय म्हणायचे ते कळेल, १९०७ चं नाही कळणार’ असं पुढे लिहिलं असेल तर वरची.

उत्तरपत्रिका घरी पाहायला मिळेल का?

मिळेल, निकषांच्या कागदासकट. फक्त पाहताना एक करा, मुलाला ‘बरोबर उत्तर काय होतं?’ असं विचारू नका. ‘खांबावर तू काय पाहिलंस?’ असं विचारा. आणि रविवारी सकाळी गर्दी नसताना एकदा त्याला घेऊन तिथे जाऊन या. फोटोत न दिसलेली एखादी गोष्ट त्याला सापडली तर आम्हांला कळवा, पुढच्या वर्षीच्या पानासाठी हवी आहे.